मोफत नेत्रतपासणी शिबिर : ज्येष्ठांनी आणि घरच्यांनी काय करावे, काय टाळावे

बीड जिल्ह्यात एखाद्या क्लबाने ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत नेत्रतपासणी शिबिर ठरवले की चौकात फ्लेक्स लागतो, मोबाइलवर पत्रक फिरते आणि आशाताई वस्तीवर निरोप देऊन जातात. पत्रकात तारीख असते, शाळेचे किंवा मंगल कार्यालयाचे नाव असते, वेळ असते आणि शेवटी एक ओळ असते : येताना आधार कार्ड आणावे. तेवढ्यावर म्हातारी माणसे घरातून निघतात. त्या ओळीत न मावणाऱ्या पुष्कळ गोष्टी असतात, आणि दिसायला लागणार की नाही हे त्याच ठरवतात.

क्लबांनी डोळ्यांचे काम हाती घेण्याला शंभर वर्षे झाली. 1925 च्या जूनमध्ये अमेरिकेत लायन्स क्लबांच्या अधिवेशनात हेलन केलर उभ्या राहिल्या आणि अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरा, असे त्यांनी सभासदांना आवाहन केले. तेव्हापासून नेत्रशिबिर हे गावोगावच्या क्लबांचे नेहमीचे काम झाले. आपल्याकडे ते प्रामुख्याने मोतीबिंदूचे शिबिर असते, आणि ते बरोबरच आहे. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी 66 टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू निघाले. म्हणजे तिघांपैकी दोघांची नजर एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येण्यासारखी होती. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः मोतीबिंदू धरूनच लिहिले आहे.

तारीख आणि वेळ

करा : शिबिराची तारीख कळताच, त्यापुढचे दीड महिने घरात कोण असणार हे आधी ठरवा. बीडमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त आडवी येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुलगा आणि सून कोयत्यावर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. मागे राहतात म्हातारा-म्हातारी आणि शाळेत जाणारी नातवंडे. नेमक्या त्याच महिन्यांत बरीच शिबिरे होतात, कारण डोळ्याचे ऑपरेशन थंडीतच करावे हा समज अजून टिकून आहे. मग शिबिरात नाव निघते, ऑपरेशन ठरते आणि सोबत यायला कोणी नाही म्हणून आजी घरीच राहतात. सोबतीला मुलगाच हवा असे नाही. जाऊ, भाचा, शेजारीण, बचत गटातली बाई, कोणीही चालेल. पण ते माणूस आधी ठरलेले असावे आणि त्याने हो म्हटलेले असावे.

टाळा : 'उन्हाळ्यात डोळा चिघळतो, पावसाळ्यात पिकतो' म्हणून पुढे ढकलणे. पूर्वी मोठा छेद घेऊन टाके घालत, रुग्ण शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडून असत आणि पट्टी बरेच दिवस डोळ्यावर राहत असे. त्या काळात हा सल्ला समजण्यासारखा होता. आता शस्त्रक्रिया कायमच्या शस्त्रक्रियागृहात होते, छेद लहान असतो आणि बहुतेक वेळा टाका पडत नाही. जंतुसंसर्ग ऋतूमुळे होत नाही, अस्वच्छतेमुळे होतो. माझे मत स्पष्ट आहे : बीडसाठी एप्रिल-मे किंवा दसऱ्याआधीचे दिवस हेच शिबिराचे खरे दिवस आहेत, कारण तेव्हा घरात तरणे माणूस असते. क्लबांनी तारीख धरताना थंडी बघू नये, टोळ्यांचे जाणे-येणे बघावे.

टाळा : मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहणे. हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि तो घातक आहे. रोजचे काम अडायला लागले, चुलीवरची भाकरी करपली की नाही ते दिसेना, एसटीची पाटी वाचता येईना, म्हणजे ऑपरेशनची वेळ आली. त्यापुढे थांबलो तर भिंग कडक होत जाते आणि शस्त्रक्रिया अवघड होते. अति पिकलेला मोतीबिंदू आतल्या आत झिरपू लागतो आणि डोळ्यातला दाब वाढवतो. डोळा लाल होतो, ठणकतो, आणि अशा वेळी उशीर झाला तर मागची नस कायमची जाते. नस गेल्यावर कितीही चांगले भिंग बसवले तरी उपयोग होत नाही.

करा : नोंदणीच्या वेळेतच पोचा, आणि शक्यतो पहिल्या तासात. नोंदणी सहसा सकाळी 9 च्या सुमारास सुरू होते आणि दुपारी 12-1 वाजता थांबते, तपासणी मात्र दोन-तीन वाजेपर्यंत चालते. तुमच्या पत्रकात दोन्ही वेळा वेगळ्या दिल्या असतील तर नोंदणीची वेळ धरा. अकरानंतर आलेल्याचीही तपासणी होते, पण डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, त्यानंतर पडदा बघायचा असतो, आणि तोपर्यंत डॉक्टरांची निघायची वेळ होते. पडदा न बघता दिलेला कागद अर्धाच कागद असतो. परतीची एसटी किती वाजता आहे हेही आधीच विचारून ठेवा.

जाण्याआधी घरी

करा : एकेक डोळा झाकून बघा. एक डोळा हळूहळू जातो तेव्हा दुसरा सगळे काम करतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. तळहाताने एक डोळा झाका, दाबू नका, आणि दहा फुटांवर कोणीतरी बोटे धरून 'किती?' असे विचारावे. मग दुसरा डोळा. चष्मा असेल तर चष्मा लावून. दहा फुटांवरची बोटे मोजता आली नाहीत तर त्या डोळ्याची नजर फारच उतरलेली आहे. चांगल्या डोळ्याचीच अशी गत असेल तर सरकारी व्याख्येप्रमाणे ते अंधत्व ठरते. हे आधी माहीत असले की डॉक्टरांना नेमके सांगता येते : उजव्याने बोटे दिसत नाहीत, डाव्याने दिसतात, दोन वर्षांपासून.

करा : पोटभर खाऊन आणि रोजच्या गोळ्या घेऊन या. 'तपासणी' म्हटले की पुष्कळ ज्येष्ठ उपाशी येतात. डोळ्याच्या तपासणीला उपाशी राहायचे कारण नाही. मधुमेहाची गोळी घेऊन भाकरी न खाता चार तास रांगेत बसलेला माणूस घेरी येऊन पडतो. रक्तदाबाची गोळी 'आज दवाखान्यातच जायचे आहे' म्हणून चुकवली तर शिबिरात दाब वाढलेला निघतो आणि ऑपरेशनच्या यादीतून नाव मागे पडते. सोबत पाण्याची बाटली आणि बांधलेली भाकरी ठेवा.

टाळा : सकाळी काजळ, सुरमा, मध किंवा मेडिकलमधून आणलेले कुठलेही थेंब डोळ्यात घालून येणे. लाल डोळ्यावर हमखास दिले जाणारे काही थेंब स्टिरॉइडचे असतात. चार दिवस बरे वाटते, पण डॉक्टरांना न विचारता महिनोनमहिने घातले तर काचबिंदू होऊ शकतो. ऊस तोडताना पाचट डोळ्याला लागले असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर हेच थेंब ती जखम बिघडवतात. घातले असतील तर लपवू नका, बाटली सोबत आणा.

सोबत काय आणायचे

करा : आधार कार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स, शिधापत्रिकेची झेरॉक्स, आणि आयुष्मान कार्ड असेल तर तेही. तपासणीला आधार पुरते. पण ऑपरेशन ठरले तर रुग्णालयात दाखल करताना बाकीचे कागद लागू शकतात, आणि तेव्हा गावी परत जायला वेळ नसतो. ज्यांची वये 70 किंवा त्याहून जास्त आहेत त्यांच्यासाठी 29 ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले आहे. ते काढलेले नसेल तर शिबिरात चौकशी करा. एसटीतही आधार लागते : 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत आणि 65 ते 75 वयाच्या प्रवाशांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, आणि वाहक वयाचा पुरावा मागतो.

करा : आधारला कोणाचा मोबाइल नंबर जोडला आहे ते आदल्या दिवशी तपासा. आपल्याकडे आजीच्या आधारला बहुतेक वेळा मुलाचा नंबर असतो, आणि मुलगा त्या वेळी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडात असतो. कार्डासाठी ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो मोळ्या बांधत असतो. आदल्या रात्री फोन करून सांगा की उद्या दुपारपर्यंत फोन जवळ ठेव, आणि आकडा आला तर फक्त आपल्या ठरलेल्या माणसालाच सांग. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेले असतील तर यंत्रावर अंगठा उमटत नाही, म्हणून ओटीपीचा मार्ग खुला असलेला बरा.

करा : जुना चष्मा, जुने दवाखान्याचे कागद आणि रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घाला. गोळ्यांची नावे लिहून आणण्यापेक्षा पाकिटेच आणा, लिहिताना नाव चुकते. तीन प्रकारच्या गोळ्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. पहिली मधुमेहाची, कारण साखर वाढलेली असेल तर जखम भरायला त्रास होतो आणि पडद्याचीही तपासणी लागते. दुसरी रक्त पातळ करणारी. ती मनाने बंद करू नका, बंद करायची की नाही हे डॉक्टर सांगतील. तिसरी पुरुषांची लघवी अडण्यावरची गोळी, जिच्यात टॅम्सुलोसिन असते. ही गोळी डोळ्याशी संबंधित आहे असे कोणालाच वाटत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. पण तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाच्या आतला रंगीत पडदा सैल पडतो आणि बाहुली आकसते. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारीने उतरतात.

टाळा : मूळ कागद कोणाकडे सोडून येणे, कोऱ्या कागदावर अंगठा देणे आणि अनोळखी माणसाला ओटीपी किंवा बँक पासबुक देणे. मोफत तपासणीला बँकेच्या खात्याचे काही काम नाही. आधारच्या झेरॉक्सवर 'नेत्र शिबिरासाठी' असे लिहून मगच द्या.

शिबिराच्या ठिकाणी

टाळा : एकटे येणे आणि स्वतः दुचाकी चालवत येणे. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार ते सहा तास, कधी त्याहून जास्त, जवळचे धूसर दिसते आणि ऊन डोळ्यांना टोचते. रस्ता ओलांडणे, एसटीची पायरी चढणे हेही अवघड जाते. टोपी, पदर किंवा गॉगल, जे असेल ते सोबत ठेवा. सोबतचे माणूस हे केवळ हात धरण्यासाठी नसते. डॉक्टर काय म्हणाले, पुढची तारीख कोणती, हे दुसऱ्या कानाने ऐकलेले असावे.

करा : तपासणीचा क्रम समजून घ्या, म्हणजे मधूनच घरी जायची चूक होणार नाही. आधी नाव नोंदवून कागद मिळतो. मग नेत्रचिकित्सा अधिकारी तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावतात. वाचता येत नसेल तर बोटांच्या दिशेने दाखवायची चिन्हे असतात, लाजायचे कारण नाही. कागदावर 6/60 असे काही लिहिले जाते. त्याचा अर्थ, चांगल्या नजरेला जे 60 मीटरवरून दिसते ते तुम्हाला 6 मीटरवर यावे तेव्हा दिसते. मग डोळ्याचा दाब, मग थेंब, मग पडदा. ऑपरेशन ठरण्यासारखे असेल तर रक्तदाब आणि साखर तपासतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पाणी घालून अश्रूंची वाट मोकळी आहे की नाही तेही बघतात. ही वाट तुंबलेली असेल तर तिथल्या पिशवीत जंतू साठतात आणि ऑपरेशननंतर तेच डोळ्यात शिरतात. म्हणून आधी त्याचा इलाज. नाव 'मागे ठेवले' म्हणून वाईट वाटून घेऊ नका, डोळा वाचवण्यासाठीच ठेवलेले असते.

करा : पूर्वी कोणी 'काचबिंदू' म्हटले असेल, तर थेंब घालण्याआधी सांगा. काही डोळ्यांत पुढची पोकळी उथळ असते, आणि बाहुली मोठी झाली की आतल्या पाण्याची वाट बंद होऊन दाब एकदम चढतो. तपासणीनंतर त्याच संध्याकाळी डोळा प्रचंड ठणकू लागला, डोके दुखले, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठा. असे फार कमी जणांना होते, पण ज्याला होते त्याच्या हातात काही तासच असतात.

टाळा : 'ऑपरेशन इथेच, आजच करून देतो' असे म्हणणाऱ्याला होकार देणे. शिबिरात तपासणी होते, शस्त्रक्रिया होत नाही. निवडलेल्या रुग्णांना गाडीने रुग्णालयात नेतात आणि तिथल्या कायमच्या शस्त्रक्रियागृहात ती करतात. मंगल कार्यालयात किंवा शाळेत तात्पुरते टेबल मांडून शस्त्रक्रिया करायला मनाई आहे, आणि ही मनाई अनुभवातून आलेली आहे. रुग्णालय असूनही घाई केली तर काय होते हे बिहारमधल्या मुझफ्फरपूरला दिसले. तिथे 22 नोव्हेंबर 2021 रोजी एकाच दिवशी 65 जणांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, संसर्ग पसरला आणि अनेकांचे डोळे काढून टाकावे लागले. म्हणून विचारा : कोणत्या रुग्णालयात नेणार? कोणते डॉक्टर करणार? परत कधी सोडणार? बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जाण्याआधी याच अंबाजोगाईच्या महाविद्यालयात काम केले. धर्मादाय नेत्ररुग्णालयेही असतात. नाव कोणतेही असो, ते पत्रकावर छापलेले असावे.

ऑपरेशन ठरल्यावर

इथे एक उदाहरण पुढे ठेवतो. समजा, वडवणी तालुक्यातल्या एका वस्तीवर 68 वर्षांच्या आजी आहेत. डाव्या डोळ्याने 6/60 दिसते, उजव्याने एक मीटरवरची बोटे कशीबशी मोजता येतात. डिसेंबरच्या शिबिरात उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. दोन्ही मुले आणि सुना फडात आहेत, घरी दहा वर्षांचा नातू आणि एक शेळी. आजींना सोबत किती वेळा लागेल ते बघा. रुग्णालयात नेतानाचा दिवस आणि मुक्काम. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी आणि घरी परत. आठवड्याने दाखवायला एकदा. महिना-दीड महिन्याने चष्म्याच्या नंबरासाठी एकदा. आणि या सगळ्या काळात, रोज, घरात डोळ्यात थेंब घालायला.

करा : थेंबांचे वेळापत्रक घरातल्या एका माणसाकडे सोपवा. ऑपरेशनइतकेच महत्त्व या कामाला आहे, आणि ते रुग्णालयात नाही, आजींच्या ओसरीवर होते. थेंब सहसा पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत सहा आठवडे चालतात. तुमच्या कागदावर वेगळे लिहिले असेल तर तेच खरे. आजींना वाचता येत नसेल तर भिंतीवर कोळशाने सहा रेघा मारा, थेंब घातला की एक पुसा. दोन बाटल्या असतील तर एकीला लाल दोरा बांधा, आणि दोन थेंबांत पाच-दहा मिनिटांचे अंतर ठेवा. थेंब घालणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, खालची पापणी हलकेच ओढून आतल्या खाचेत एकच थेंब सोडावा, आणि बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दहा वर्षांचा नातू हे नीट करू शकतो, पण त्याला रुग्णालयातून निघण्याआधी नर्सबाईंनी एकदा समोर करून दाखवावे, आणि शाळेच्या वेळेतला थेंब शेजारणीने घालावा. बाटली मध्येच संपली तर काय, हेही विचारून या. औषध संपले म्हणून थेंब थांबवणारे खूप भेटतात.

करा : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करा. नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. खोकला चालू असेल तर आधी सांगा, टेबलावर खोकल्याची उबळ आली तर धोका असतो. कुंकू, काजळ, दागिने घरीच ठेवा.

टाळा : संमतीचा कागद वाचून न घेता अंगठा देणे. कोणता डोळा, कोणते भिंग, काय धोका, हे सोबतच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. 'मोफत' म्हणजे भिंग, थेंब, काळा चष्मा, जेवण आणि प्रवास यांतले काय काय, हे त्याच वेळी विचारून घ्या.

घरी आल्यावर

टाळा : चुलीसमोर बसणे, शेण-वैरण, पाण्याची घागर, डोळा चोळणे आणि नदीवर अंघोळ. निदान पंधरा दिवस. झोपताना डोळ्यावर दिलेले कवच लावा, म्हणजे झोपेत हात जाणार नाही. खाण्याचे पथ्य नसते. वांगे, डाळ, आंबट, काहीही वर्ज्य करायचे कारण नाही. मधुमेहाचे पथ्य मात्र चालूच ठेवा.

करा : चार लक्षणे पाठ करून ठेवा. थोडे पाणी येणे, थोडे खुपणे हे चालते. पण दुखणे वाढले, लाली वाढली, पापणी सुजली किंवा पू आला, किंवा काल दिसत होते ते आज कमी दिसू लागले, तर तो आतला संसर्ग असू शकतो. तो बहुधा पहिल्या आठवड्यात डोके वर काढतो. अशा वेळी तपासणीच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका आणि गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन दिवस घालवू नका. जिथे ऑपरेशन झाले तिथे त्याच दिवशी जा. आजींच्या उदाहरणात धोका इथेच आहे : पाचव्या दिवशी डोळा दुखला, सांगायचे कोणाला? मुलाला फोन केला तर तो म्हणेल 'दोन दिवस बघ'. म्हणून क्लबाच्या कार्यकर्त्याचा आणि रुग्णालयाचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा, आणि पैसे नसले तरी गाडी कोण देणार हे आधीच बोलून ठेवा.

टाळा : 'दिसायला लागले, आता कशाला जायचे' म्हणून महिन्याची तपासणी चुकवणे. आत बसवलेले भिंग बहुधा लांबचे दिसण्यासाठी असते. तांदूळ निवडायला आणि सुईत दोरा ओवायला जवळचा चष्मा लागतो, आणि त्याचा नंबर डोळा स्थिर झाल्यावरच काढतात. चष्म्याविना राहिलेल्या आजी मग म्हणतात, ऑपरेशन करून उपयोग झाला नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले तर तेही ऑपरेशन फसल्याचे लक्षण नाही. भिंगामागची झिल्ली धुरकट झालेली असते, आणि लेसरने ती काही मिनिटांत मोकळी होते.

शिबिर घेणाऱ्या क्लबांसाठी

करा : पत्रकात एवढ्या गोष्टी छापाच. नोंदणीची वेळ आणि तपासणी संपण्याची वेळ, रुग्णालयाचे नाव, ऑपरेशनसाठी गाडी कोणत्या दिवशी निघणार आणि कधी परतणार, आठवड्याची आणि महिन्याची तपासणी कुठे, आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर. महिन्याची तपासणी गावातच पुन्हा ठेवता आली तर सगळ्यात उत्तम, कारण वस्तीवरच्या माणसाला बीडपर्यंतची आणखी एक फेरी जड जाते.

करा : नोंदणीच्या कागदावर 'सोबत कोण?' हा रकाना ठेवा. तो कोरा असेल तिथे कार्यकर्त्याचे नाव लिहा. रुग्णाची जबाबदारी नावावर आली की ऑपरेशनच्या दिवशी गाडीतली जागा रिकामी राहत नाही.

टाळा : उद्घाटन, सत्कार आणि भाषणांत सकाळ घालवणे. सत्तरीची माणसे सहाला घरातून निघालेली असतात. तपासणी वेळेवर सुरू करा, पाहुणे दुपारी येऊ द्या. बातमीत किती जणांची तपासणी झाली हा आकडा द्यायचा असेल तर जरूर द्या, पण महिन्यानंतर किती जणांच्या नाकावर चष्मा बसला हा आकडाही छापा. शिबिर चांगले झाले की नाही ते त्यावरूनच कळते.

आणि टोळीबरोबर निघणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती. दसऱ्याआधी एका सकाळी आई-वडिलांचा एकेक डोळा झाकून बघा. दिसत कमी असेल तर निघण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शिबिरात दाखवून घ्या. आधार, शिधापत्रिका आणि गोळ्यांची पिशवी एका जागी बांधून ठेवा, शेजारच्या घरात तुमचा आणि मुकादमाचा फोन नंबर देऊन जा, आणि आईचा फोन आला व ती 'डोळा दुखतोय' म्हणाली तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात पाठवण्याची सोय करा.